दहा दिवस अलीकडची तारीख

साताऱ्याच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्याची खरेदी मी बावीस वर्षं पाहतो आहे. पंपाची बॉडी, म्हणजे बिडाचं अठरा किलोचं कास्टिंग, आम्ही सांगलीजवळच्या एका फाउंड्रीतून घेतो. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला. त्या पट्ट्यात लोखंड ओतणारी घरं पिढ्यानपिढ्या आहेत, आणि आमच्या फाउंड्रीचे मालक त्यांतलेच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो.

यातली पंधरा वर्षं मी अण्णांशी खोटं बोललो. माल २५ तारखेला हवा असेल तर मी १५ सांगायचो. दर ठरवताना "दुसरा दोन रुपयांनी कमी देतोय" म्हणायचो, आणि पुष्कळदा तो दुसरा नसायचाच. याला मी खरेदीतली हुशारी समजत होतो. नव्याने आलेल्या मुलांनाही हेच शिकवत होतो.

एका मार्च महिन्यात मी असेच चाळीस नग १५ तारखेला मागितले. अण्णांनी रात्रपाळी लावली, मोल्डिंगवाल्यांना जादा मजुरी दिली आणि टेम्पोबरोबर स्वतः पहाटे साताऱ्यात आले. माल उतरवून घेतला. तीन आठवड्यांनी पुढच्या लॉटबरोबर ते पुन्हा आले, तेव्हा ते चाळीस नग शेडबाहेर होते तिथेच होते. प्रायमर उडालेल्या जागी गंज चढला होता. अण्णा एका नगावरून बोट फिरवून म्हणाले, "साहेब, माल गंजला की ओ." एवढंच. रात्रपाळीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर फाउंड्रीत गेलो तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहत उभा राहिलो. पॅटर्न चढवायचा, कोर भाजायचे, साचे मारायचे, मग ओतकाम. साचा थंड होऊन वाळू झाडायला दुसरा दिवस उजाडतो. पुढे फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, तपासणी, प्रायमर. घाई केली तर यातलं एखादं काम अर्धं राहतं, आणि बहुधा ते कोर भाजण्याचं असतं. ओला राहिलेला कोर रस आत येताच वायू सोडतो आणि बॉडीच्या पोटात ब्लोहोल राहतात. ओतकाम करणाऱ्या माणसाने आणखी एक गोष्ट दाखवली. बकेटमधला शेवटचा रस थंडावलेला असतो, त्यात वायू अडकतो. तो शेवटचा रस कोणाच्या साच्यात जातो? मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण ज्याचा दर सगळ्यात घासलेला, त्याचे साचे रांगेत शेवटी असणार, हे कळायला मला वेळ लागला नाही.

मग मी साताऱ्यात बसून जुन्या नोंदी काढल्या. मी किलोमागे दोन रुपये घासले होते, म्हणजे नगामागे ३६ रुपये. ब्लोहोल वरून दिसत नाही, लेथवर शेवटचा कट घेताना उघडं पडतं. तोपर्यंत त्या नगावर आमची साडेचारशे रुपयांची मशिनिंग झालेली असते. कास्टिंगचे पैसे वळते करून घेता येतात, मशिनिंगचे येत नाहीत. दहात एक नग असा गेला तर नगामागे ४५ रुपये बुडाले. घासून मिळवलेले ३६ रुपये त्यातच गेले आणि वर नऊ खिशातले गेले.

पुढच्या वेळी अण्णांनी दर ९२ वरून १०० मागितला. पूर्वी मी लगेच ९० म्हणालो असतो. या वेळी मोडीचे भाव पाहिले. मोड किलोमागे चार रुपयांनी खरोखर चढली होती. वितळताना साधारण पाच टक्के घट धरली तर चांगल्या कास्टिंगला चार रुपये वीस पैसे वाढ रास्त होती. रनर-रायझर पुन्हा भट्टीत जातात, त्यांचा खर्च फक्त पुन्हा वितळवण्याचा, म्हणून साडेचार धरले. उरलेले साडेतीन कशाचे, ते मी लेखी विचारायचं ठरवलं. पाठवलेला निरोप असा होता:

"अण्णा, नमस्कार. मोडीच्या भावाचे साडेचार रुपये मला मान्य आहेत, हिशेब सोबत आहे. उरलेले साडेतीन कशामुळे, ते सांगाल का? माझ्याकडून काही बदलून ते कमी होत असतील तर मी बदलतो. मात्र ९६.५० च्या वर मला जाता येणार नाही, कारण त्यापुढे पंपाचा विक्री दर बदलावा लागतो. बुधवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल."

लिहायला अर्धा दिवस लागला. "विचार करावा ही विनंती" असं शेवटी लिहून खोडलं. त्याने आकडा मऊ पडत होता. "नाहीतर पॅटर्न उचलतो" हेही खोडलं. आमच्या धंद्यात पॅटर्न उचलणं म्हणजे सोडचिठ्ठीच. ती द्यायची नसेल तर तोंडातूनही काढू नये.

उत्तर फोनवर आलं. चाळीस नगांसाठी पॅटर्न चढवण्या-उतरवण्यात अर्धी पाळी जाते, आणि आमचे पैसे ७५ दिवसांनी मिळतात, हे ते साडेतीन रुपये होते. पैशांच्या बाबतीत तर आम्हीच चुकत होतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही. मालकांना पटवून मुदत ४५ वर आणली. तीस दिवस लवकर म्हणजे बारा टक्के व्याजाने किलोमागे जवळजवळ एक रुपया अण्णांचा वाचला. ऑर्डरही एकदम १२० नगांची दिली, उचल तीन हप्त्यांत. दर ९६.५० ठरला. मोड दोन रुपयांहून जास्त हलली तर तिमाहीला दर वर किंवा खाली होईल, हेही लिहून घेतलं.

बेअरिंग, नटबोल्टसाठी मी आजही तीन कोटेशन मागवतो आणि स्वस्त ते घेतो. तिथे हे सगळं करण्याची गरज नाही. पण ज्या वस्तूचा साचा माझा आणि हात दुसऱ्याचा, तिथे माझी जुनी पद्धत चुकीची होती.

तारखेचं अजून बाकी होतं. त्याच ऑर्डरमध्ये मी लिहिलं की पहिले चाळीस नग १८ तारखेला सकाळी लागतील, न आल्यास १९ ला असेंब्ली थांबेल. सगळे जमणार नसतील तर १८ ला चोवीस द्या, बाकीचे २२ ला चालतील. उशीर दिसला तर मला १४ लाच सांगा, मी पंपाच्या गिऱ्हाइकाशी बोलून घेतो. आणि मग फोन करून जुन्या तारखांबद्दल सगळं कबूल केलं. बोलताना घसा कोरडा पडला होता.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते ठाऊक होतं ओ आम्हाला. त्या मार्चनंतर तुमच्या तारखेत दहा दिवस मिळवूनच आम्ही भट्टीवर फळा लिहायचो."

"मग आता ही १८?"

"तेच विचारतोय. १८ म्हणजे १८ ना?"

मी हो म्हणालो. १४ ला त्यांचा फोन आला, कोर करणारा माणूस आजारी आहे, चोवीसच निघतील. १८ ला चोवीस आले. २२ चे सोळा २३ ला आले. एका दिवसाच्या उशिराची नोंद मी त्यांना लेखी पाठवली, आणि त्यांनी खाली "बरोबर" असं लिहून परत केली.