अठरावा स्लॅब म्हणजे कितवा मजला?

घोडबंदर रोडवर ओवळ्याच्या आसपास इमारतींची कामं पाहणारा मी साइट इंजिनीअर आहे. बुकिंग केलेल्या कुटुंबांसाठी दर महिन्याला प्रगतीची नोंद लिहिणं हेही माझंच काम, आणि ते मला स्लॅब भरण्याइतकंच जोखमीचं वाटतं. त्या चार ओळींवर कुणी भाड्याच्या घराचा करार पुढे ढकलतं, तर कुणी मुलाच्या शाळेचा प्रवेश ठरवतं.

‘अठरावा स्लॅब पूर्ण’ एवढं लिहिलं तर ते खरं असतं, पण पुरेसं नसतं. समजा तळमजला, त्यावर पार्किंगचे तीन पोडियम आणि त्यावर राहण्याचे चोवीस मजले आहेत. पहिला स्लॅब तळमजल्याचं छत. चौथा स्लॅब शेवटच्या पोडियमचं छत, म्हणजेच राहत्या पहिल्या मजल्याची जमीन. या हिशेबाने अठरावा स्लॅब पडला तेव्हा राहत्या चौदाव्या मजल्यावर छत आलं. सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेल्या माणसाची जमीनसुद्धा अजून तयार नाही. म्हणून मी स्लॅबच्या आकड्यासोबत राहता मजला लिहितोच.

पैशाचा हिशेब याच आकड्यावर चालतो. महारेराच्या नमुना करारात जोतं पूर्ण होईपर्यंत किमतीच्या कमाल ४५ टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्के घेता येतात. मधले २५ टक्के आपल्या अठ्ठावीस स्लॅबांवर सारखे वाटले, तर अठराव्या स्लॅबला ग्राहकाचे साधारण ६१ टक्के गेलेले असतात. बांधकाम मात्र तेवढं झालेलं नसतं. सांगाडा उभा राहणं म्हणजे एकूण कामाचा निम्म्याच्या आसपासचा भाग. लिफ्ट, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, फायर लाइन ही न दिसणारी, चिवट कामं पुढेच असतात. शेवटचा स्लॅब पडला की पेढे वाटले जातात आणि लोक विचारतात, ‘आता दोन-तीन महिन्यांत ताबा ना?’ तेव्हा मला खरं उत्तर स्पष्ट द्यावंच लागतं.

आता बहुतेक टॉवर मायवान शटरिंगने होतात. ॲल्युमिनियमच्या पाट्या लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओततात. काम जमलं की आठ-दहा दिवसांत एक मजला वर चढतो. इथला वेग मात्र रस्ता ठरवतो. दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असतात, गायमुखच्या घाटात कोंडी झाली की आरएमसीच्या गाड्या अडकतात, आणि तयार काँक्रीट ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून आम्ही बरेच स्लॅब रात्री भरतो. मायवान पद्धतीची दुसरी बाजू फ्लोअर प्लॅनमध्ये दिसते. नकाशात भरीव काळ्या दाखवलेल्या भिंती काँक्रीटच्या असतात, इमारतीचा भार त्या पेलतात. ‘ताब्यानंतर स्वयंपाकघर आणि हॉल एक करू’ असं मनात असेल तर मधली भिंत पाडता येईल का, हे बुकिंगआधीच विचारून घ्यायला हवं. वायरिंगचे पाइपही त्याच भिंतींत ओतले जातात, त्यामुळे बोर्डाची जागा नंतर हलवणं अवघड.

फोटो मी दर महिन्याला त्याच ठिकाणाहून, त्याच कोनातून काढतो आणि तारीख घालतो. समोरची बाजू सजलेली असते, म्हणून मागचीही देतो. पण खरी स्थिती मजले उतरताना कळते. चालू साइटवर वर शटरिंग, त्याखालच्या दोन-तीन मजल्यांवर स्लॅबला आधार देणारे प्रॉप, आणखी खाली खिडक्यांच्या चौकटी, त्याखाली टाइल्स असा क्रम लागलेला दिसतो. वरचा स्लॅब अठरावा आणि खाली एकाही मजल्यावर फरशी नसेल, तर फक्त स्लॅबमागे धाव चालली आहे असं समजावं. उघड्या सळ्यांवर तांबूस थर येणं स्वाभाविक आहे, पण बोटाने घासल्यावर गंजाचे पापुद्रे सुटत असतील आणि स्लॅबच्या कडांना शेवाळ धरलं असेल, तर काम बरेच दिवस थांबलं होतं. बाह्य प्लास्टर पावसाळ्यात रखडलं तर ते समजण्यासारखं आहे. दिवाळीनंतरही परांचा रिकामा असेल तर कारण विचारा.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की तिमाही अहवाल आणि आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म १’, पाहता येतं. त्यात प्रत्येक इमारतीचं काम बाबवार टक्क्यांत दिलेलं असतं. ते आमच्या नोंदीशी ताडून पाहा. तफावत दिसली तर लेखी विचारा.

आणि साइट व्हिजिट रविवारी ठेवू नका. त्या दिवशी सॅम्पल फ्लॅट दिसतो, काम दिसत नाही. कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास बंद बूट घालून या, हेल्मेट मागून घ्या आणि आपल्या विंगच्या जिथवर परवानगी मिळेल तिथवर चढून बघा.