मडकं आणलं. फुटलं.

गेल्या आठवड्यापासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे. आता लिहूनच टाकते, कारण घरातल्यांनी ऐकायचं बंद केलं आहे.

झालं असं, की आमच्या नागोठण्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मजकूर नीट करायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी मराठी घेऊन बी. ए. केलं आहे. पहिलाच लेख माझ्या काकांचा. विषय पोपटी. वहीची चार पानं, निळ्या शाईत, एकही परिच्छेद न पाडता. मी लाल पेन घेऊन बसले आणि दीड तासात लेख अगदी स्वच्छ करून टाकला. काकूला वाचून दाखवला. कोणाचा आहे ते सांगितलं नाही. काकू तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे कुठलं परिपत्रक गं?"

मग काकांची वही उघडून मूळचं वाचलं. दुसऱ्या ओळीलाच काकूचे तांदूळ सांडले.

मूळचं असं होतं:

"पोपटीला मडकं लागतं. मडकं आणायला मी गेलो. मडकं आणलं. फुटलं. दुसरं आणायला भाऊला पाठवला. भाऊ शहाणा, त्याने दोन आणली. एक फुटलं."

आणि माझं असं:

"पोपटीसाठी मडके अत्यावश्यक असते. मी आणलेले मडके दुर्दैवाने फुटल्यामुळे भावाला दुसरे आणण्यासाठी पाठविण्यात आले. त्याने दूरदृष्टी दाखवून दोन मडकी आणली, त्यांपैकी एक फुटले."

माझ्या वाक्यांत व्याकरणाची एक चूक दाखवा! नाही सापडणार. शाळेत मला यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आणि तरी मडकं फुटल्याचा आवाजच येत नाही. का येत नाही, हे शोधताना मला अक्षरशः झोप लागली नाही.

पहिली गोष्ट, "फुटलं" हा एकच शब्द काकांनी एकटा उभा केला होता. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत काय झालं ते कळत नाही आणि विनोद त्या शेवटावर टांगलेला असतो. मी "फुटल्यामुळे" करून तो वाक्याच्या मधोमध आणला आणि त्याचं कारण करून टाकलं. घटना गेली, सबब उरली. दुसरी गोष्ट, "दुर्दैवाने". काकांनी वाईट वाटल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. ते सरळ चेहऱ्याने सांगतात, म्हणून हसू येतं. मी वाचणाऱ्याला आधीच सांगून मोकळी झाले की इथे हळहळायचं आहे. तिसरी, "पाठविण्यात आले". कोणी पाठवलं? काकांनीच! "-ण्यात आले" आलं की माणूस वाक्यातून उठून निघून जातो आणि त्याच्या खुर्चीवर कचेरी येऊन बसते. आणि "मडकं" हा शब्द तीनदा आला म्हणून मी एकदा खोडला होता, तर सगळी गंमत त्या तीनदा येण्यातच होती. तीनदा मडकं मडकं केल्यावर चौथ्या वेळी मडकंच नाही, नुसतं "फुटलं".

एक गोष्ट तर इतकी बारीक की मला आधी दिसलीच नाही. "आणलं"चं मी "आणले" केलं होतं. शुद्धलेखनाच्या नियमांत बोलीच्या ढंगाच्या लिखाणाला हा शेवटचा अनुस्वार चालतो. एकदा घेतला, की लेखभर तोच ठेवायचा. मी मात्र सवयीने सगळे अनुस्वार उडवले आणि काकांना शर्टाची वरची गुंडी लावून उभं केलं.

आता कोणी म्हणेल, मग काही दुरुस्तच करायचं नाही का? करायचं तर! काकांच्या तिसऱ्या पानावर हे होतं:

"मग बाबल्याने पाणी मारलं चर्र झालं तो म्हणाला झालं उतरवा आम्ही म्हटलं थांब पण मामा होता त्याला घाई त्याची शेवटची गाडी होती आणि त्याला खायचं पण होतं आणि वाल कच्चे निघाले."

ज्यांनी पोपटी पाहिली नाही त्यांच्यासाठी: थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, कोणी कोंबडीही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. झालं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र करून लगेच उडून गेलं, की उतरवायचं.

त्या उताऱ्यात दोन खऱ्या अडचणी होत्या. घाई कोणाला, बाबल्याला की मामाला, हे पटकन कळत नव्हतं. आणि चर्र झालं होतं तर वाल कच्चे का? यातलं पहिलं मला फोडता येत होतं, दुसरं नाही. पहिल्यांदा केलं तसं करायचं असतं, तर मी मनानेच "बहुधा जाळ कमी पडल्याने" असं काहीतरी घातलं असतं. या वेळी वही घेऊन पडवीत गेले आणि विचारलं, "काका, चर्र झालं होतं ना, मग कच्चे कसे?" काका मान वरही न करता म्हणाले, "अगं, जिकडे जाळ होता तिकडेच मारलं ना पाणी त्याने."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. आता उतारा असा झाला:

"मग बाबल्याने मडक्यावर पाणी मारलं. चर्र झालं. झालं, उतरवा, म्हणाला. आम्ही म्हटलं थांब. पण मामाला घाई. मामाची शेवटची गाडी होती, आणि त्याला खायचं पण होतं. उतरवलं. वाल कच्चे निघाले. जिकडे जाळ होता तिकडेच पाणी मारलं होतं त्याने."

"खायचं पण होतं" मधला "पण" माझ्यातल्या बी. ए.ला फार टोचत होता. तिथे "ही" हवं, "खायचंही होतं". करून पाहिलं. मामा सभ्य झाला. पुन्हा "पण" केलं.

हीच खरी युक्ती आहे आणि ती इतकी साधी आहे की मला कोणी आधी का सांगितली नाही! ओळीवर पेन ठेवायच्या आधी एवढंच विचारायचं: इथे वाचणारा अडखळतो, की फक्त मी अडखळते? वाचणारा अडखळत असेल, तर दुरुस्ती. मी एकटीच अडखळत असेन, तर ती बहुतेक त्या माणसाची लकब आहे आणि माझा पेन बाजूला. ते ठरत नसेल, तर मोठ्याने वाचायचं. काका बोलताना जिथे श्वास घेतात तिथेच पूर्णविराम पडला, तर लेख त्यांचा राहिला.

पुलाची गंमत सांगायलाच हवी. काकांनी अंबा नदीवरच्या आपल्या जुन्या दगडी पुलाबद्दल लिहिलं होतं, "पूल शिवाजी महाराजांच्या काळातला. इतका अरुंद की समोरून म्हैस आली तर आपण नमस्कार करून मागे यायचं." म्हशीला हात लावायची माझी छाती नव्हती, पण काळ चुकला होता. हा पूल चौलच्या काजी अल्लाउद्दीनने सुमारे 1582 मध्ये बांधला अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, आणि महाराजांचा जन्म 1630 चा. इथे लकब वगैरे काही नाही, चूक ती चूक. पण ती मी माझ्या शब्दांत दुरुस्त केली असती, तर म्हशीच्या शेजारी गॅझेटियर येऊन उभं राहिलं असतं. म्हणून पुन्हा पडवीत. काकांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हणजे महाराजांनापण तो जुनाच वाटला असेल की!"

घातलं! तसंच घातलं! चूक गेली आणि विनोद एकाचे दोन झाले.

त्याच रात्री कपाटातून विनोबांची "गीता प्रवचने" काढली. विनोबा आपल्या शेजारचे, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. हे पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही, ते बोलले आहेत. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं. लिहून घेणारे कोण, तर साने गुरुजी! हे मला शाळेपासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ आत्ता डोक्यात शिरला. याच गुरुजींनी पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात "श्यामची आई" लिहिली, जी वाचताना आमच्या घरात दोन पिढ्यांनी पदर भिजवले. तोच हात. आणि "गीता प्रवचने"त तसा पदर भिजत नाही! तिथे विनोबांचीच आखूड, कोरडी, शेतातल्या-घरातल्या दाखल्यांची वाक्यं आहेत. गुरुजींना किती ठिकाणी मोह झाला असेल, इथे जरा गहिवर घालू या म्हणून. घातला नाही. त्यांचा गहिवर त्यांनी आपल्या पुस्तकासाठी राखून ठेवला.

उत्साहाच्या भरात मी उलट्या बाजूलाही घसरले, तेही सांगते. काका बोलताना करतात तसे सगळे उच्चार लिपीत उतरवायला गेले. एका पानावर इतके ऱ्हस्व-दीर्घ मोडले की वाचणारा काकांबरोबर हसायच्याऐवजी काकांना हसला असता. ते सगळं परत नेहमीच्या लेखनात आणलं. लकब शब्दांत, त्यांच्या क्रमात आणि थांबण्यात असते, त्यासाठी स्पेलिंग मोडावं लागत नाही. आणि शेजाऱ्याच्या तोतरेपणावरची एक ओळ मी काढली, काकांना विचारूनच. ते म्हणाले, "काढ. तो वाचेल ना." पूर्ण चार पानांत शेवटी 19 बदल झाले. निम्मे तर पूर्णविरामच.

काल स्मरणिका छापून आली. काका पडवीत चष्मा लावून आपला लेख वाचत बसले, बोट ओळीवरून फिरवत. मी दारात श्वास धरून उभी. वाचून झालं. पान मिटलं. मग परत उघडलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"बाकी सगळं माझंच आहे," म्हणाले, "पण हा स्वल्पविराम कोणाचा?"