सगळे रकाने हिरवे

संपादकांनी बजावलं आहे, ‘ओकेआरवर लिहा, पण तक्ते नकोत.’ प्रयत्न करतो. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे तीन महिन्यांत टीमला कुठे पोचायचंय ते एका वाक्यात. की रिझल्ट्स म्हणजे पोचलो हे ज्यांवरून कळेल ते तीन-चार आकडे. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ही पद्धत रुजवली आणि तिथे ती शिकलेल्या जॉन डोअर यांनी 1999 मध्ये ती गूगलला दिली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती एक्सेलमध्ये आली आणि तिथेच राहिली.

यंदाचंच उदाहरण, पुण्यातल्या एका कंपनीच्या सपोर्ट टीमचं. उद्दिष्ट होतं, ग्राहकांच्या तक्रारी लवकर मिटवणं. त्याखाली तीन की रिझल्ट्स: नवी तिकीट सिस्टीम बसवणं, सगळ्यांचं ट्रेनिंग, नेहमीच्या पन्नास प्रश्नांची उत्तरं वेबसाइटवर टाकणं. तिमाहीअखेर तिन्ही रकाने हिरवे. तक्रार मिटायला मात्र पूर्वीसारखेच दोन दिवस! ही नुसती कामांची यादी होती. सगळं पार पडूनही ग्राहकाला काडीचा फरक पडणार नसेल, तर तो की रिझल्ट नव्हे.

आम्ही नव्याने लिहिलं: निम्म्या तक्रारी 48 ऐवजी 20 तासांच्या आत मिटाव्यात. सरासरी मुद्दाम टाळली, कारण महिनाभर रेंगाळलेल्या दोन-चार तक्रारी ती बिघडवतात. पण एवढंच ठेवलं असतं तर माणसं तक्रार न सोडवताच बंद करू लागली असती. म्हणून जोडीला दुसरा आकडा: बंद केलेली तक्रार सात दिवसांत पुन्हा उघडण्याचं प्रमाण 5 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वेगाच्या आकड्याला दर्जाचा आकडा जोडा, असं ग्रोव्ह 1983 सालच्या पुस्तकात सांगून गेले आहेत. वाचतो कोण?

आता माझं जुनं भांडण. ओकेआरचे गुण थेट इन्क्रिमेंटला जोडू नका, असं म्हटलं की एचआरची मंडळी माझ्याकडे भाबडा म्हणून पाहतात. गूगलने क्रोम आणला तेव्हा 2008 अखेर आठवड्याला दोन कोटी वापरकर्ते हे लक्ष्य होतं, ते हुकलं. पुढच्या वर्षी पाच कोटी. तेही हुकलं, तीन कोटी ऐंशी लाखांवर थांबलं. तरी 2010 साठी 11 कोटी 10 लाख ठरवले आणि ते ओलांडले. हुकलेल्या दोन वर्षांत पगार कापले असते, तर तिसऱ्या वर्षी तो आकडा कागदावर आणायची छाती कुणाची झाली असती? पगाराची टांगती तलवार असली की शहाणा माणूस गाठता येईल तेवढंच लिहितो. मी त्याला दोष देत नाही.

दिवाळीनंतर पुढच्या तिमाहीची यादी कराल, तेव्हा ‘बसवणे’, ‘घेणे’, ‘राबवणे’ यांनी संपणाऱ्या ओळी आधी वेगळ्या काढा. त्या कामांच्या तक्त्यात टाका, आणि मग काय उरतं ते बघा.