मिर्झापूरचं घड्याळ

भाचीच्या दीड पानात एकही मूल तोंड उघडत नव्हतं. तेच मला खटकलं. ‘विद्यार्थिकेंद्री’ होतं, ‘सर्वांगीण’ दोनदा होतं, ‘आनंददायी वातावरण’ होतं, पण वर्गात एवढी शांतता की भीती वाटावी. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यासाठी ती अर्ज करत होती आणि अर्जात एक चौकट होती: आपली शिक्षणविषयक भूमिका, पाचशे शब्दांत.

“मावशी, सगळे असंच लिहितात.”

“म्हणूनच कोणी वाचत नाही. गेल्या डिसेंबरात तू काठी घेऊन उन्हात उभी होतीस, त्याचं काय झालं ते सांग.”

ती तेव्हा रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी नववीला शिकवत होती. आम्ही राहतो भोपाळच्या तुलसीनगरात. इथल्या जयप्रकाश रुग्णालयाला जुने लोक अजून ‘बारासौपचास’ म्हणतात, कारण सरकारी क्वार्टर मोजून बांधले आणि आकडाच नाव होऊन बसला. क्वार्टर म्हातारे झालेत, झाडं मात्र जोरात आहेत. 2016 साली इथे आणि शिवाजीनगरात स्मार्ट सिटी करायचं घाटत होतं, तेव्हा लोक या झाडांसाठीच उभे राहिले आणि बेत उत्तर टी. टी. नगरला गेला. त्यामुळे आमच्याकडे सावली हवी तेवढी मिळते. एका काठीची एकटी सावली हवी असेल, तर मात्र गच्ची गाठावी लागते. काठीची तालीम तिने तिथेच केली होती.

नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा भारताच्या स्थानाचा. प्रमाणवेळेची रेषा 82 अंश 30 मिनिटं पूर्व, मिर्झापूरवरून जाते, हे पोरांना झोपेतही सांगता येतं. तिने ते विचारलंच नाही. विचारलं एवढंच, की तुमची सावली सर्वांत आखूड कधी होते आणि तेव्हा ती किती असते? उत्तर आधी वहीत लिहायचं, खोडायचं नाही. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, बारा वाजता. अर्ध्याअधिकांनी पुढे लिहिलं, तेव्हा सावली नसतेच, कारण सूर्य डोक्यावर असतो.

मग मैदान. एक मीटरची सरळ काठी, ती उभी आहे ना हे पाहायला दोऱ्याला दगड बांधून केलेला ओळंबा, आणि जमिनीवर खडू. बारा वाजता सावली नाहीशी होणं सोडाच, ती काठीपेक्षा लांब होती. इथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 43 अंश चढतो, त्यामुळे मीटरभर काठीची सावली 106 सेंटिमीटरच्या आसपास पडते. मुलांना वाटलं काठी वाकडी आहे. ओळंबा पुन्हा लावून झाला.

आता आखूड सावलीची वेळ शोधायची, तर घोटाळा झाला. दर पाच मिनिटांनी खुणा केल्या, पण मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे दहा मिनिटांत सावली अवघी दोन मिलिमीटर बदलते. आणि सावलीचं टोक तर धूसर असतं. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून टोकाची कड दोनेक सेंटिमीटर पसरते. दोन मिलिमीटर त्यात कुठे दिसणार? एक गट म्हणे बारा दहा, दुसरा म्हणे बारा पंचवीस. भांडण जुंपलं. एका मुलाने निकाल दिला, “मैडम, इसको नापना ही बेकार है.”

मला विचाराल तर त्या तासातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. जिथे सावली हळू बदलते तिथे ती मोजू नये. जिथे झपाट्याने बदलते तिथे मोजावी. दुसऱ्या दिवशी तिने काठीभोवती दोरीने 115 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. सकाळी सावली या वर्तुळात कधी शिरते आणि दुपारी कधी बाहेर पडते, एवढ्या दोनच वेळा टिपायच्या. शंकूच्या सावलीने दिशा काढण्याची ही रीत शुल्बसूत्रांइतकी जुनी. सावली आत आली 11 वाजून 20 मिनिटांनी, बाहेर पडली 1 वाजून 18 ला. बरोबर मधली वेळ 12 वाजून 19. मधल्या सुट्टीत डबा सोडून दोघी पहारा देत बसल्या होत्या, ते मुख्याध्यापकांना फारसं रुचलं नाही म्हणे.

मग घड्याळाची चौकशी सुरू झाली. “घड़ी तेज है,” असं कोणी म्हणालं. मागून एक मुलगी बोलली, “तेज नहीं है. मिर्ज़ापुर की है.”

हिशेब तिनेच फळ्यावर मांडला. भोपाळ साधारण 77.4 अंशांवर, म्हणजे मिर्झापूरच्या रेषेच्या 5.1 अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं आणि थोडी सेकंदं. वर्तुळाने सांगितलं होतं एकोणीस. उरलेलं मिनिटभर चुकीचं नव्हे: पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर एकाच वेगाने फिरत नाही आणि तिचा आसही कललेला आहे, म्हणून हाच मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:04 ला येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12:35 पर्यंत लांबतो. हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही. बरं केलं.

समजलं की नाही हे पाहायला तिने दुसऱ्या दिवशी मुंबई विचारली. बऱ्याच जणांनी 12:38 काढलं. पण काहींनी 11:22 लिहिलं, म्हणजे गणित नीट आणि दिशा उलटी. हे गुण कापून सुटणारं नव्हतं. तिने त्यांना फक्त विचारलं, आधी सूर्य कोणाला दिसतो, भोपाळला की मुंबईला? आणि तुमच्या उत्तरात कोणाला दिसतोय?

“हे लिही,” मी म्हटलं. “आणि 11:22 वाल्यांना वगळू नकोस.”

ते वगळायचा मोह अर्जात फार होतो. सगळं जमलं असं लिहिलं की वाचणाऱ्याला बाई दिसतात, वर्ग दिसत नाही. मला या बाबतीत आमच्याच मुलखाने बिघडवलंय. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत विज्ञानाचा जो कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे 1982 साली भोपाळात उभ्या राहिलेल्या एकलव्य संस्थेने चालवला, त्यात मुलं परीक्षेला पुस्तक उघडून बसायची आणि प्रयोगाचीही परीक्षा व्हायची. शिकवणाऱ्यांची भूमिका काय आहे हे प्रश्नपत्रिका पाहून कळायचं, वेगळं लिहावं लागत नसे. 2002 साली सरकारने तो बंद केला. त्यावर मी बोलायला लागले की भाची घड्याळ पाहते.

शेवटी तिच्या पाचशे शब्दांत वहीतली उत्तरं राहिली, दोन मिलिमीटर राहिले, मिर्झापूर राहिलं, 11:22 राहिलं. ‘सर्वांगीण’ दोन्ही ठिकाणचं गेलं. ‘माझा विश्वास आहे’ असं एकदा ठेवायचंच म्हणाली, ठेवू दिलं.

एक प्रश्न मात्र अर्जात मावला नाही. त्या मुलांनी विचारलं होतं, मग सावली खरंच नाहीशी होते कधी? भोपाळ कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला, म्हणून वर्षात दोनदा: जूनच्या मध्यावर एकदा आणि महिन्याच्या शेवटी एकदा. पहिल्या वेळी सुट्ट्या असतात, दुसऱ्या वेळी बहुधा ढग. विदिशेच्या रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण केली आहे, लोक तिथे गाडी थांबवून फोटो काढतात. तिथे एकदाच, 21 जूनला. आणि ग्वाल्हेरला, माझ्या माहेरी, कधीच नाही. माझ्या भावाला हे पटत नाही. तो म्हणतो, आमच्याकडे जूनमध्ये सूर्य डोक्यावरच असतो, बाहेर येऊन बघ.