डोळा एकच, किंमत तीन



आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते. मागच्या चाचणीत मी दोन गुणांचा प्रश्न टाकला होता : 'हम्मुराबीच्या कायद्याचे मुख्य तत्त्व लिहा.' उत्तरसूचीत माझं उत्तर ठरलेलं होतं, 'डोळ्याला डोळा, दाताला दात'. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. एका मुलीने मात्र लिहिलं, 'हे तत्त्व फक्त बरोबरीच्या माणसांसाठी होते. गुलामाचा डोळा फोडला तर पैसे द्यायचे.' मी तिला अर्धा गुण दिला. उत्तरसूचीशी जुळत नव्हतं ना!

मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली. म्हणाली, "बाई, हे तुम्हीच सांगितलं होतं वर्गात."

खरंच सांगितलं होतं. शिकवताना मी संहितेतली कलमं वाचून दाखवली होती आणि प्रश्नपत्रिका काढताना स्वतःच विसरले होते. गुण तर वाढवून दिलेच, पण मग बसून विचार केला की हा धडा उताऱ्यावरच्या प्रश्नांतून कसा तपासता येईल. तेच इथे मांडते आहे.

आधी साधन कोणतं ते मुलांना नीट सांगा. हम्मुराबी हा बॅबिलोनचा राजा, काळ साधारण इ.स.पू. 1792 ते 1750. त्याचे कायदे कोरलेला काळा दगडी स्तंभ सव्वादोन मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या वर्गाच्या दारापेक्षाही थोडा उंच. तो सापडला मात्र बॅबिलोनमध्ये नाही, तर आजच्या इराणमधल्या सुसा इथे, 1901-02 च्या फ्रेंच उत्खननात. एलामच्या राजाने लुटीत तो तिकडे नेला होता. आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वरच्या बाजूला राजा हम्मुराबी आणि त्याच्यासमोर बसलेला सूर्यदेव शमाश. शमाश हा तिथे न्यायाचाही देव. खाली अक्कादियन भाषेत, कीलाकार लिपीत मजकूर. आपण '282 कलमे' म्हणतो, पण दगडावर क्रमांक नाहीत. ते नंतर अभ्यासकांनी घातले. पुढच्या बाजूचा काही भाग तर खरवडून टाकलेला आहे, म्हणून काही कलमं आपल्याला या दगडावर वाचताच येत नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'साधन अपुरं असू शकतं' हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, खरवडलेल्या दगडाचं चित्र दाखवलं की लगेच पटतं.

आता तीन शब्द. अवीलुम म्हणजे प्रतिष्ठित स्वतंत्र माणूस. मुश्केनुम म्हणजे स्वतंत्र, पण खालच्या दर्जाचा. नेमका कोण, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. (हाच शब्द अरबीतून फिरत फिरत उर्दू-हिंदीतला 'मिस्कीन' झाला. हे सांगितलं की मुलं हा शब्द विसरत नाहीत.) आणि वार्दुम म्हणजे गुलाम.

यानंतर मी फळ्यावर चार कलमं लिहिते, माझ्या सोप्या शब्दांत :

अवीलुमने दुसऱ्या अवीलुमचा डोळा फोडला, तर त्याचा डोळा फोडावा.
अवीलुमने दुसऱ्या अवीलुमचे हाड मोडले, तर त्याचे हाड मोडावे.
अवीलुमने मुश्केनुमचा डोळा फोडला किंवा हाड मोडले, तर त्याने एक मीना चांदी द्यावी.
अवीलुमने दुसऱ्या अवीलुमच्या गुलामाचा डोळा फोडला किंवा हाड मोडले, तर गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यावी.

इथे थांबा. घाई करू नका. मी मुलांना एवढंच विचारते, "चारही कलमांत मारणारा कोण आहे?" थोडा वेळ शांतता. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, चारही वेळा अवीलुमच." बरोबर. गुन्हेगार तोच, गुन्हाही तोच. बदलतो तो फक्त ज्याला मारलं तो. शिक्षेतला फरक त्याच्या दर्जामुळेच आला आहे, हे इतकं स्वच्छ दाखवणारा उतारा शाळेत क्वचित मिळतो. विज्ञानाच्या प्रयोगात बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलतात ना, तसंच हे.

पुढचा प्रश्न ठरलेला येतो. "एक मीना म्हणजे किती?" मीना म्हणजे साधारण अर्धा किलो चांदी. पण आजच्या सराफाच्या भावाने रुपये काढून देऊ नका, ती तुलना फसवी होते. त्याच संहितेत उत्तर आहे. मजुराची रोजची मजुरी एका कलमात दिली आहे : वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत दिवसाला 6 दाणे चांदी, उरलेल्या महिन्यांत 5. (दाणा म्हणजे जवाच्या दाण्यावरून ठरलेलं वजन.) 180 दाण्यांचा एक शेकेल आणि 60 शेकेलांचा एक मीना. आता गणित मुलांनाच करू द्या. एक मीना म्हणजे 10,800 दाणे. भागिले 6, म्हणजे 1,800 दिवस. एकही सुट्टी न घेता जवळजवळ पाच वर्षांची मजुरी!

या आकड्याने वर्गात गंमत होते. आधी सगळे म्हणत असतात की मुश्केनुमवर अन्याय झाला, त्याच्या डोळ्याची नुसती चांदी केली. पाच वर्षांची मजुरी ऐकल्यावर निम्मा वर्ग बाजू बदलतो. "बाई, समोरच्याचा डोळा फोडून मला काय मिळणार? त्यापेक्षा चांदी बरी." मी निकाल देत नाही. फक्त विचारते, "पण निवड कुणाच्या हातात होती?" कलमात निवड कुणालाच दिलेली नाही. आणि अवीलुमकडून बघितलं तर? पैसेवाल्याला दुसऱ्या अवीलुमशी भांडताना स्वतःच्या डोळ्याची भीती, मुश्केनुमशी भांडताना फक्त तिजोरीची.

चौथं कलम तर आणखी बोलकं आहे. गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम. म्हणजे भरपाई मोजली ती मालमत्तेच्या नुकसानीसारखी, जिवंत माणसाच्या दुखण्यासारखी नव्हे. शेजाऱ्याचा बैल जायबंदी केला तर जसं मोजाल, तसं. त्यावरून रक्कम मालकाकडे जात असणार, असा अर्थ लावतात. माझ्या त्या विद्यार्थिनीने याच जागी विचारलं होतं, "मग ज्याचा डोळा गेला त्याला काय?" उताऱ्यात त्याच्यासाठी काहीच नाही.

आता प्रश्न. उताऱ्याखाली मी हे चार देते, एकूण आठ गुण :

1. उताऱ्यात समाजाचे कोणते स्तर दिसतात? (1)
2. मारणारा एकच असूनही शिक्षा का बदलते? उताऱ्यातील पुराव्यासह लिहा. (3)
3. 'हम्मुराबीचा कायदा सर्वांना समान न्याय देणारा होता.' हे विधान उताऱ्याच्या आधारे तपासा. (2)
4. मुश्केनुमने अवीलुमचा डोळा फोडला तर काय शिक्षा होती? उताऱ्याच्या आधारे लिहा. (2)

दुसऱ्या प्रश्नात मुलं कुठे घसरतात ते सांगते. बरीच मुलं नुसता उतारा उतरवून काढतात : 'अवीलुमला डोळा, मुश्केनुमला मीना, गुलामाला निम्मी किंमत.' ही नोंद झाली, उत्तर नाही झालं. याला मी एक गुण देते. 'कारण बळी पडलेल्याचा दर्जा वेगळा' हे वाक्य आलं की दुसरा. आणि 'गुलामाच्या बाबतीत त्याच्या किमतीवरून रक्कम ठरते, म्हणजे त्याला मालमत्ता मानलं आहे' असं कलमातल्या शब्दाला धरून लिहिलं की तिसरा. पालकांनो, घरी सराव घेताना एवढंच विचारा, "हे तुला कुठल्या शब्दावरून कळलं?" उत्तर उताऱ्यात बोट ठेवून देता आलं तर ठीक, नाहीतर ते मूल गाईडमधलं पाठ केलेलं बोलतंय.

दुसरी घसरण जास्त मोठी. 'बॅबिलोनमध्ये लोकांचे डोळे फोडत असत' असं मुलं सर्रास लिहितात. उताऱ्यावरून हे सिद्ध होत नाही. कायदा काय व्हावं ते सांगतो, काय झालं ते नाही. त्या काळातल्या करारांच्या, व्यवहारांच्या, खटल्यांच्या हजारो मातीच्या पाट्या सापडल्या आहेत, आणि निवाड्यांमध्ये या संहितेचा आधार घेतलेला जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की हा स्तंभ म्हणजे आजच्या अर्थाने वापरात असलेलं कायद्याचं पुस्तक नसावं. राजा किती न्यायी आहे हे देवांना आणि प्रजेला सांगणारा तो जाहीरनामाही असू शकतो. प्रस्तावनेत राजा सांगतोच की बलवानाने दुबळ्याला छळू नये म्हणून देवांनी मला नेमलं. म्हणून मी मुलांना 'होत असे' ऐवजी 'असा नियम होता' लिहायला लावते. क्रियापद बदललं की इतिहास बदलतो.

एक मात्र खरं, दर्जाची उतरंड नेहमी वरच्यांच्या फायद्याचीच होती असंही नाही. आपल्याहून वरच्या माणसाच्या थोबाडीत मारणाऱ्या अवीलुमला सभेत बैलाच्या चामड्याच्या चाबकाचे साठ फटके होते. वैद्याने शस्त्राने मोठी जखम बरी केली तर अवीलुमने 10 शेकेल द्यायचे, मुश्केनुमने 5, गुलामासाठी मालकाने 2. मुलं म्हणतात, "हे बरंय, मोठ्याने जास्त द्यायचं." मग मी विचारते की त्याच वैद्याच्या हातून अवीलुम दगावला तर? वैद्याचे हात तोडायचे. आणि मुश्केनुमचा गुलाम दगावला तर? दुसरा गुलाम आणून द्यायचा. परत तोच हिशोब.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, मनुस्मृतीतही असंच आहे ना?" टाळू नका. तिच्या आठव्या अध्यायात एकाच अपमानासाठी वर्णानुसार वेगवेगळा दंड सांगितला आहे, हे सरळ सांगा. आणि तिथेही तेच प्रश्न विचारायला लावा : मारणारा कोण, सोसणारा कोण, आणि हे लिहिणारा कोण?

राहिला चौथा प्रश्न. तो मी सापळा म्हणूनच टाकला आहे. पहिल्यांदा दिला तेव्हा चाळीसपैकी बहुतेकांनी 'डोळा फोडावा' किंवा 'ठार मारावे' असं ठोकून दिलं. उताऱ्यात मुश्केनुम मारणारा म्हणून येतच नाही. आणि पूर्ण संहिता चाळली तरी डोळ्याबद्दल असं कलम मिळत नाही. गुलामाने अवीलुमच्या थोबाडीत मारली तर कान कापावा, एवढं आहे. त्यामुळे 'उताऱ्यावरून सांगता येत नाही' असं लिहिणाऱ्याला मी एक गुण देते, आणि 'कारण उताऱ्यात मारणारा फक्त अवीलुम आहे' हे जोडलं की पूर्ण दोन.

एका सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, 'माहीत नाही' याला गुण द्यायचे म्हणजे काय? आमचा वाद अजून चालू आहे. यंदाच्या सत्र परीक्षेत हा प्रश्न ठेवला आहे, आणि तपासणीला आम्ही दोघेही आहोत.