कळा? खोट्या!

मंगळवार, रात्री 2.40

39 आठवडे, 2 दिवस. झोपेचा पत्ता नाही.

आज काय काय केलं? झबली-टोपडी दुसऱ्यांदा धुतली, मसाल्याचे डबे घासले. मग माळ्याकडे नजर गेली. स्टुलाला हात लावताच आई ओरडली, ''अगं, पोट केवढं पुढे आलंय, तोल जाईल!'' शेवटी माळा नवऱ्याने आवरला आणि मी खालून टीम लीडसारख्या सूचना दिल्या. पाळणा मात्र आईने आणू दिला नाही. बाळाआधी नवं काही आणायचं नाही, म्हणून दुपटीही तिच्या जुन्या कॉटनच्या साड्यांची.

इंग्रजीत याला नेस्टिंग म्हणतात. आई म्हणते, घर आवरायचे डोहाळे! शेजारच्या काकूंच्या मते हे सुरू झालं की दोन दिवसांत बाळ. माझं तीन आठवडे चाललंय, काकू! डॉक्टर हसल्या. आवराआवरीवरून दिवस कळत नाही म्हणे. ड्यू डेट तरी कुठे पक्की? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, इतका साधा हिशेब. नेमक्या त्या दिवशी येणारी बाळं शंभरात चार-पाचच. ऑफिसात असली डेडलाइन कुणी चालवून घेईल?

आज साडेअकराला पोट दगडासारखं कडक झालं. मोबाइलवर वेळ लावली. पुढची कळ 12 मिनिटांनी, मग 7, मग 20, मग 9. नवऱ्याने बॅग दाराशी नेऊन ठेवली, बूटसुद्धा घातले. मला डॉक्टरांचं आठवलं. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो आणि चाललं तरी त्या थांबत नाहीत. खोट्या कळा बेशिस्त असतात. पाणी प्यायलं, कूस बदलली, फेऱ्या मारल्या की बऱ्याचदा विरून जातात. दोन ग्लास पाणी प्यायले, हॉल ते किचन फेऱ्या मारल्या. एक वाजता सगळं गायब. मला चक्क रडू आलं.

निघायचं कधी, तेही ठरलंय. दर पाच मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी आणि असं तासभर चाललं, की हॉस्पिटल. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर काहीही न मोजता लगेच निघायचं.

मैत्रीण म्हणते, एरंडेल घे. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. जुलाब होऊन अंगातलं पाणी जाणार, आणि त्याने कळा सुरू होतील याची खात्री नाहीच.

मग आता डाव्या कुशीवर पडून लाथा मोजतेय. दोन तासांत दहा झाल्या तरी पुरे, असं सांगितलंय. दहावी बसली 3.05 ला, थेट बरगडीखाली. म्हणजे स्वारी आत मजेत आहे, घाई फक्त मला आहे.

ये बाई, किंवा बाबा, तुझ्या वेळेने. उद्या मी फ्रिज काढते.