अब्बांच्या नळीवरचा आकडा

चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून चिखलीच्या घरी पोहोचलो, तेव्हा अम्मी दारातच उभी होती. हातात ५० मिलीची सिरिंज. म्हणाली, "नळीत पाणी जात नाही."

पक्षाघातानंतर अब्बांचे गिळणे गेले. चहाचा घोट घशाऐवजी श्वासनलिकेत जायचा आणि पुन्हा न्यूमोनिया. आधी नाकातून नळी होती. नंतर डॉक्टरांनी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवली, तिला 'पेग' म्हणतात. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला गाउडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली, तीही एका लहान मुलावर. आमच्या घरात ती आली तेव्हा दुर्बीण आत कशी घातली एवढेच आम्ही विचारले. घरी गेल्यावर काय करायचे, हे विचारायचे राहून गेले.

त्या सकाळी चूक आमचीच होती. अम्मीने सगळ्या गोळ्या एकत्र कुटल्या, दुधात कालवल्या आणि सोडल्या. गोळ्यांचा भुगा तळाशी बसतो आणि जठरातले आम्ल नळीत वर आले की दूध फाटते. दोन्ही मिळून बूच तयार झाले. शेजारच्या चाचा म्हणाले, कोल्ड्रिंक घाला. कोल्ड्रिंकही आंबटच, त्याने दूध आणखी फाटते. कुणी तार घालायला सांगितले. तारेने नळी आतून फाटू शकते, म्हणून ते मी केले नाही. कोमट पाणी मोठ्या सिरिंजने हळूच आत, मग थोडे मागे ओढायचे, पुन्हा आत. छोटी सिरिंज वापरायची नाही, तिचा दाब फार जास्त पडतो. मध्ये दहा-पंधरा मिनिटे पाणी नळीतच ठेवले. पाऊण तासाने बूच सुटले.

तेव्हापासून नियम केला. शक्य असेल तिथे औषध पातळ स्वरूपात मागायचे. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक पूड करून पाण्यात, आणि दोन औषधांच्या मध्ये १५ मिली पाणी. खाण्याआधी व नंतर ३० मिली. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आवरणाच्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांना विचारून पर्याय घ्यायचा. इसबगोल तर अजिबात नाही. नळीतच फुगून जेलीसारखे होते.

खरा त्रास दोन आठवड्यांनी सुरू झाला. नळीच्या कडेने द्रव झिरपू लागला. कुर्ता ओला, वास येई, आणि अब्बा, जे डाव्या हाताच्या खुणेने नमाज पढायचे, तेही थांबले. कपडे पाक नाहीत, एवढेच ते हाताने दाखवत. मला वाटले छिद्र मोठे झाले. बाहेरची चकती घट्ट आवळली आणि खाली कापसाची जाड गादी घातली. दोन दिवसांत भोवतालची चामडी लाल होऊन सोलली.

घरी येणाऱ्या सिस्टरने आधी गादी काढली. म्हणाल्या, "ओली गादी म्हणजे आम्लाची पट्टी. आणि चकतीचा आकडा बघितलात का?" नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. घरी सोडताना कागदावर चकती ३ वर लिहिली होती. बूच काढण्याच्या झटापटीत ती सरकून ५ वर गेली असणार. मग नळी आत-बाहेर हलत राहिली, कड रुंदावली आणि गळती सुरू झाली. मी आवळली तेव्हा ती २ वर बसली. घट्ट चकतीने कातडीचा रक्तपुरवठा दबतो, आतला टेकू जठराच्या भिंतीत रुतू शकतो, आणि गळती थांबत नाही ती नाहीच.

त्यांनी नळी अलगद ओढून आतला टेकू लागतो का पाहिले, मग चकती ३ वर आणली, कातडीपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर. रोज कोमट पाणी आणि साध्या साबणाने पुसणे, टिपून पूर्ण कोरडे करणे, झिंक ऑक्साइडचा पातळ थर, नळीला रोज एक फेरा. बद्धकोष्ठ आणि खोकल्यानेही पोटात दाब वाढून गळती होते, म्हणून त्याचाही उपाय डॉक्टरांनी सुरू केला. खाणे देताना आणि नंतर तासभर पाठ उंच, आणि २०० मिली द्यायला निदान अर्धा तास.

चामडी आठ-दहा दिवसांत भरून आली. लालीच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी, तिला वेगळे मलम लागते, हेही सिस्टरने सांगून ठेवले. पू, पसरणारी गरम लाली, ताप, खाणे देताना कळ, किंवा रक्त दिसले तर खाणे बंद आणि सरळ दवाखाना. नळी निघून आलीच, तर छिद्र काही तासांत बुजू लागते. तेव्हा वाट पाहायची नाही. बसवून पहिले काही आठवडे झाले नसतील तर स्वतः परत घालायची नाही, कारण ती जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

आता आमच्या फ्रिजवर कागद चिकटवला आहे. रोज सकाळी अम्मी त्यावर तारीख आणि आकडा लिहिते: ३. काल ३.५ लिहिला होता, तेव्हा मी पाळीला निघण्याआधी थांबून नळी पाहिली. अम्मीने चष्मा लावला नव्हता. आकडा ३ च होता.